पूर्वेचा निंब तोडून पश्चिमेचा सागवान मोजू नका: ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीला खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत;
अध्यक्ष व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती

विषय: शाळेच्या पूर्वेकडील आवारभिंतीसाठी तोडायच्या झाडांच्या यादीबाबत

सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या पूर्व बाजूला पक्की भिंत व्हावी, ही मागणी आम्हा पालकांचीच होती. पऱ्हाटीच्या हंगामात त्या बाजूने गुरं आत शिरतात, मुलांच्या सायकली पाडतात. तेव्हा भिंतीला विरोध म्हणून हे पत्र लिहीत नाही. भिंतीच्या रेषेत येणाऱ्या झाडांची जी यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली आहे, तिच्याबद्दल बोलायचं आहे. यादीत पाच निंब आणि एक चिंच आहे. खाली शेरा आहे की एका झाडामागे पाच रोपं लावण्यात येतील, शिवाय पश्चिमेकडची सागवानाची नऊ झाडं कायम राहत असल्याने शाळेच्या सावलीवर परिणाम होणार नाही.

हा शेरा वाचून आम्ही काही पालकांनी आठवीच्या मुलांना सोबत घेऊन आवाराच्या कडेचं प्रत्येक झाड मोजलं. प्रत्येकाची जात, खोडाचा घेर, उंची, पानोळ्याचा विस्तार आणि सावली नेमकी कुठे पडते हे वहीत लिहिलं. त्यातून जे दिसलं ते असं की यादीतलं निंब आणि न तोडायचा सागवान हे एकमेकांच्या बदल्यात धरण्यासारखे नाहीतच. कार्बनच्या हिशेबात नाहीत आणि सावलीच्या हिशेबात तर मुळीच नाहीत.

आधी कार्बनचं सांगतो, कारण तो हिशेब कागदावर बसतो.

झाडाचा घेर जमिनीपासून १३७ सेंटिमीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर घ्यायचा असतो. खाली बुंध्याशी मुळांचा फुगवटा असतो, तिथे टेप लावला की झाड उगाच जाड दिसतं. टेप आडवा, खोडाला चिकटून हवा. मागच्या बाजूने तो खाली घसरला तर दोन-चार सेंटिमीटर सहज वाढतात, म्हणून एक मुलगा पुढे आणि एक मागे, असे दोघं लागतात. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. घेर इतक्या काळजीने घ्यायचं कारण म्हणजे हिशेबात व्यासाचा वर्ग येतो, त्यामुळे घेरात पाच टक्के चूक झाली तर लाकडाच्या वजनात जवळपास दहा टक्के चूक होते.

उंचीसाठी आम्ही एक मीटरची काठी उभी रोवली. काठीची सावली आणि झाडाची सावली एकाच वेळी मोजली की त्रैराशिकाने उंची निघते. हे काम सकाळी लवकर करायचं. ऊन वर चढलं की पसरट झाडाच्या सावलीचं टोक शेंड्याचं राहत नाही, बाजूच्या फांदीचं होतं, आणि उंची भलतीच निघते.

आता फाटकाजवळचा निंब घ्या. घेर १८८ सेंटिमीटर, उंची १२ मीटर. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेलं एक सूत्र जगभर वापरतात. त्यात लाकडाची घनता, व्यास आणि उंची टाकली की झाडाच्या जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन किलोत मिळतं. निंबाची घनता सुमारे ०.६९ धरतात. शाळेच्या संगणकावर मुलांनी ते असं लिहिलं:

```
=0.0673*(0.69*(188/PI())^2*12)^0.976
```

उत्तर येतं साधारण १,५६० किलो. मुळांसाठी त्यात सुमारे २६ टक्के मिळवायचे. त्या एकूण वजनाचा ०.४७ हा भाग कार्बन धरतात. म्हणजे या एका निंबात सुमारे ९२० किलो कार्बन साठलेला आहे. हवेतला किती कार्बन डायऑक्साइड त्याने ओढून घेतला हे पाहायचं तर ३.६७ ने गुणायचं, तो आकडा तीन टनांच्या वर जातो.

हे सूत्र मात्र जंगलातल्या झाडांवरून काढलेलं आहे. जंगलात झाड उजेडासाठी उंच जातं, तर शाळेच्या कडेला मोकळ्यावर वाढलेलं झाड त्याच घेराला बुटकं आणि पसरट राहतं. आपल्याकडे त्यात शेळ्यांसाठी डहाळ्या तोडल्या जातात आणि विजेच्या तारांखाली फांद्या छाटल्या जातात. मोकळ्यावरच्या झाडांसाठी अभ्यासक सूत्राच्या उत्तराला ०.८ ने गुणतात. तसं केलं की फाटकाजवळचा निंब ७४० किलोवर येतो. म्हणून वहीत आम्ही एक आकडा लिहिलेला नाही, ‘७४० ते ९२०’ असं लिहिलं आहे. कुणी तुम्हाला एका झाडाचा कार्बन ग्रॅमपर्यंत नेमका सांगत असेल तर खुशाल शंका घ्या.

आता यादीतल्या पाच रोपांचं. समजा पाचही करंजीची रोपं जगली. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे समजा फार मोठं आहे, पण असो. पाच वर्षांनी एकेकाचा घेर २५ सेंटिमीटर आणि उंची पाच मीटर झाली असं धरू. त्याच पद्धतीने एका झाडात साडेसहा किलोच्या आसपास कार्बन भरतो, पाचांत मिळून तेहतीसएक किलो. एका निंबाची भरपाई पाच वर्षांत करायची तर अशी सुमारे १४० झाडं जगवावी लागतील. आणि निंबाचं लाकूड फर्निचरला जाणार नाही, ते जळाऊ म्हणूनच विकलं जाणार आहे. म्हणजे त्यातला कार्बन पुढचा पावसाळा लागायच्या आत चुलीतून हवेत जाईल.

शहरांसाठीच्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि भरपाईची रोपं तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी लावण्याची अट आली. तो कायदा नागरी भागाचा, आपल्या गावाला लागू नाही, हे मला माहीत आहे. पण एकाला पाच हा आकडा कशावरून धरला, हे ग्रामसभेत विचारलं तर कुणाला सांगता येईल का?

आता तुमच्या यादीतल्या दोन नोंदींबद्दल. पंपाजवळच्या निंबाचा घेर यादीत २१० सेंटिमीटर आहे. ते झाड गुडघ्याच्या उंचीवरच दोन खोडांत फाटलेलं आहे, एक खोड ९० चं आणि दुसरं १२० चं. यादी करणाऱ्याने दोन्हींची बेरीज केली. छातीच्या उंचीखाली फाटलेल्या झाडाची खोडं वेगवेगळी मोजून, वजनं काढून मग बेरीज करायची असते. उंची दहा मीटर धरून तसं केलं तर पाचशे किलोच्या आसपास कार्बन येतो; २१० चं एक खोड धरलं तर साडेनऊशेच्या पुढे जातो. ही चूक आमच्या बाजूला फायद्याची होती, तरी ती दुरुस्त करून घ्या, कारण त्याच घेरावरून जळाऊ लाकडाचा अंदाजही निघालेला आहे आणि उद्या लिलावात तो फसेल.

दुसरं म्हणजे यादीतला पाचवा निंब हा निंब नाहीच. तो बकाणा आहे. लांबून दोन्ही सारखे दिसतात, पण पान हातात घेतलं की फरक कळतो. कडुनिंबाच्या एकाच देठावर दोन्ही बाजूंनी पात्या असतात, प्रत्येक पाती कोयत्यासारखी एका बाजूला वळलेली. बकाण्याच्या देठाला आधी उपदेठ फुटतात आणि त्यांवर पात्या लागतात. फुलंही निंबाची पांढरी, तर बकाण्याची जांभळट. याने फरक पडतो, कारण बकाण्याचं लाकूड हलकं असतं आणि त्याच घेराच्या झाडात निंबापेक्षा सुमारे तीस टक्के कमी कार्बन भरतो. एकच झाड तोडावं लागलं तर पहिलं नाव याचं घ्या, असं मी स्वतः म्हणेन.

चिंचेबद्दलही सरळ सांगतो. घेर ३१० सेंटिमीटर असल्याने सूत्र तीन टनांच्या आसपास कार्बन दाखवतं. पण खोडावर लाकडी हातोडीने ठोकलं की दक्षिणेकडून ठस्स आवाज येतो आणि ढोलीच्या बाजूने ढबढब. खोड आतून पोकळ आहे आणि सूत्राला ते कळत नाही. म्हणून आम्ही चिंच बेरजेत धरलेलीच नाही. ती धोकादायक आहे का, हे वन विभागाच्या माणसाला दाखवून ठरवावं.

आता सावलीकडे येतो. सागवानाचा शेरा इथेच कोसळतो.

सावली म्हणजे पानोळ्याचं क्षेत्रफळ, असं धरायची पद्धत आहे. दोन दिशांनी विस्तार मोजा, सरासरी काढा, वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा. फाटकाजवळच्या निंबाचा विस्तार ११ मीटर आहे, म्हणजे ९५ चौरस मीटर. सागवानाचा सरासरी पाच मीटर, म्हणजे एका झाडाचे जेमतेम २० चौरस मीटर. नऊ सागवान मिळून १८० होतात, दोन निंबांच्या जवळपास. कागदावर बघितलं तर शेऱ्यात तथ्य वाटतं.

पण मुलं कागदावर बसत नाहीत. उन्हाळ्यात आपल्याकडे शाळा सकाळची असते. एप्रिलच्या मध्यावर सकाळी आठला सूर्य पूर्वेला खाली असतो, त्या वेळी १२ मीटरच्या निंबाची सावली पश्चिमेकडे २२-२३ मीटरपर्यंत जाते, म्हणजे थेट व्हरांड्याला पोचते. दहाला ती आठेक मीटरवर येते आणि अकराला साडेचारवर. या साऱ्या वेळात पूर्वेच्या झाडांची सावली मैदानात असते, आणि पश्चिमेच्या झाडांची सावली कुंपणाबाहेर, पांदणीवर. खिचडीच्या वेळी मुलं ताटं घेऊन जिथे बसतात ती जागा फाटकाजवळच्या दोन निंबांखालची आहे, हे तुम्ही रोज पाहता. त्या वेळी सागवानाखाली कुणी बसलेलं तुम्ही पाहिलं आहे का?

बसणार तरी कसं? एप्रिलमध्ये सागवानाला पानच नसतं. उन्हाळ्यात तो उघडा उभा असतो आणि पाऊस लागल्यावर त्याला मोठी पानं फुटतात. निंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि ऊन तापेपर्यंत त्याला नवी पालवी आलेली असते. म्हणून मोजणीच्या वहीत जातीच्या पुढे एक रकाना हवाच: एप्रिलमध्ये पान आहे का? गुलमोहर याच रकान्यात नापास होतो. फुलं डोळ्यांत भरतात, पण ऐन उन्हात त्याखाली दाट सावली नसते. भरपाईच्या रोपांत तुम्ही बारा गुलमोहर मागवले आहेत असं ऐकतो, त्याचाही विचार व्हावा.

पानं आहेत की नाहीत, एवढं डोळ्याने सांगता येतं. सावली किती दाट हे मोजावं लागतं. आम्ही ते असं केलं. दहा वाजता मुलांनी सावलीच्या कडेने फक्कीची रेघ ओढली, मैदान आखतो तशी. मग सावलीच्या मधोमध एक सुतळी ताणली, तिला फुटाफुटावर गाठी मारलेल्या. पंचवीस गाठींपैकी किती गाठींवर ऊन पडलंय हे मोजायचं. फाटकाजवळच्या निंबाखाली पाच गाठींवर ऊन होतं, म्हणजे सावली ८० टक्के. बाभळीखाली अकरा गाठी उन्हात होत्या. सागवानाची सावली बाहेर पांदणीवर पडते, तिथेही सुतळी ताणली, तर खोड आणि फांद्यांच्या रेघांवरच्या तीन गाठी सोडल्या तर बाकी सगळ्या उन्हात. वारा असेल तर पानं हलतात आणि गाठींवर ऊनसावली नाचते, म्हणून वारा पडल्यावरच मोजायचं.

सागवानाला मी नावं ठेवत नाही. जून अखेरीस शाळा उघडते, तेव्हापासून दिवसभराची शाळा असते आणि सागवान पानांनी भरलेला असतो. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी तीननंतर पश्चिमेच्या वर्गांच्या भिंतीवर तीच सावली पडते, आणि ती हवीच आहे. लाकूडही सोन्याचं आहे. कार्बनचं म्हणाल तर ९४ सेंटिमीटर घेराच्या, १३ मीटर उंचीच्या एका सागवानात सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो, नवांत मिळून दोन टन. त्यांची खरी किंमत त्यांच्या नावावर लिहा. मात्र पूर्वेच्या झाडांची एप्रिलची सकाळ त्यांच्या नावावर लिहू नका.

मग भिंतीचं काय? उपाय आहे, आणि फार महागही नाही. सलग पाया खोदला तर झाडाच्या एका बाजूची मुळं खंदकात तुटतात. मग झाड ठेवलं तरी दोन-तीन वर्षांत ते त्या बाजूने वाळतं किंवा वादळात कलतं. हे होतंय का, ते शेंड्याकडे बघून कळतं: मुळं गेलेल्या बाजूच्या वरच्या डहाळ्या आधी सुकतात. म्हणून झाडांच्या टप्प्यात सलग पाया न घेता खांबांसाठी वेगवेगळे खड्डे घ्यावेत. ते हाताने खोदावेत, जेसीबीने नाही. खड्ड्यात मनगटाएवढं मूळ लागलं तर खांब फूटभर सरकवावा, आणि खांबांवर जमिनीच्या वर बीम टाकून त्यावर भिंत उचलावी. खोडापाशी जागाच नसेल तिथे तेवढ्या तुकड्यात जाळीचं कुंपण चालेल. गुरांना अडवायला जाळी पुरते. आपल्या वावरातही आपण तेच करतो. अभियंत्यांनी यासाठी अंदाजपत्रकात बदल लागेल असं सांगितलं तर तो बदल ग्रामसभेपुढे आणा, आम्ही पालक हात वर करू.

आमची मागणी एवढीच आहे की फलकावरची यादी मागे घेऊन दुरुस्त यादी लावावी. तिच्यात प्रत्येक झाडापुढे जात, छातीच्या उंचीवरचा घेर, खोडं किती, पोकळ की भरीव, झाड आवाराच्या कोणत्या बाजूला आणि एप्रिलमध्ये पान आहे की नाही, हे सहा रकाने असावेत. चार निंब कायम ठेवून भिंतीचा आराखडा खांबांवर घ्यावा. बकाण्याचा निर्णय समितीने करावा, चिंचेचा वन विभागाच्या सल्ल्याने. रोपं लावायचीच असतील तर गुलमोहराऐवजी करंज, निंब, चिंच घ्या आणि ती पूर्वेच्या कडेला लावा, पश्चिमेला सागवान आहेच.

आमची वही मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. प्रत्येक झाडावर तेलरंगाने नंबर टाकलेला आहे, त्यामुळे आमची कुठलीही नोंद टेप घेऊन कुणालाही तपासता येईल. फाटकाजवळचा निंब चार नंबरचा, बकाणा सात नंबरचा. ग्रामसेवक साहेबांनी आणि बांधकामाच्या ठेकेदाराने भिंतीची आखणी करायच्या आधी एकदा सकाळी दहाला यावं. फक्कीची रेघ मुलं पुन्हा ओढून देतील.

आपला,
एक पालक
(शाळा व्यवस्थापन समिती सदस्य)